सीएनजी की इलेक्ट्रिक? रिक्षाच्या किलोमीटरचा हिशेब, बॅटरी बदलण्यासकट

माझी रिक्षा सीएनजीवर चालते. धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक घेतली. शोरूममध्ये त्याला सांगितलं होतं, "किलोमीटरला पन्नास पैसे पण लागत नाहीत." पहिल्या महिन्याचं लाइटबिल आलं आणि तो ते घेऊन थेट माझ्या दारात. "दादा, मीटर पळतोय काय रं?" मीटर बरोबर होता, चूक हिशेबात होती. त्या दिवशी आम्ही वही काढून जो हिशेब मांडला तोच इथे देतोय. नवी रिक्षा घ्यायच्या विचारात असाल तर आपापले आकडे घालून तसाच मांडून बघा.

आधीच सांगतो, इथले दर हे आमच्या वहीतले आहेत. गॅस, वीज, गाडीची किंमत, व्याज सगळं बदलत असतं. आकडा तुमचा घ्या, रीत ही वापरा.

पहिलं काम: रोजचे किलोमीटर खरे लिहा

स्टँडवर कुणालाही विचारा, "रोज किती चालते?" उत्तर येतं, "शंभर-सव्वाशे." पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मीटरचा आकडा लिहिला की तोच माणूस पंचाऐंशीवर येतो. सुट्टीचे, लग्नाचे, पासिंगचे दिवस वजा केले तर महिन्याला २६ दिवसांहून जास्त गाडी फिरत नाही.

आम्ही धरलं रोज ९० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस. म्हणजे महिन्याला २,३४० आणि वर्षाला साधारण २८,००० किलोमीटर. गाडी ८ वर्षं वापरायची धरली तर २,२४,००० किलोमीटर होतात. पुढचा प्रत्येक खर्च या आकड्याने भागायचा आहे, म्हणून इथे फुशारकी मारू नका. नुकसान आपलंच.

सीएनजीचा किलोमीटर

सीएनजीचं अॅव्हरेज एका भरण्यावर काढू नका. गॅस दाबाने भरतात. पाइपलाइन नसलेल्या पंपावर तो ट्रकवरच्या सिलिंडरांच्या ताफ्यातून येतो आणि ताफा रिकामा होत आला की दाब पडतो. अशा वेळी तुमची टाकी 'फुल्ल' म्हणून बंद होते, पण आत किलोभर गॅस कमीच असतो. दुपारच्या उन्हात टाकी तापलेली असली तरी गॅस कमी बसतो. म्हणून दहा वेळा भरा, दहाही पावत्यांवरचे किलो एकत्र करा आणि तेवढ्या काळात चाललेल्या किलोमीटरना त्याने भागा. कंपनीच्या कागदावर ४० च्या आसपास लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला तीन पॅसेंजर, कोल्हापुरातली सीबीएस बसस्टँड ते दसरा चौकाची गर्दी आणि स्टँडवरची चालू-बंद धरून ३० पडतं.

आमच्या वहीत गॅसचा दर किलोला ९० रुपये आहे. ९० भागिले ३०, म्हणजे गॅसचे किलोमीटरला ३ रुपये.

त्यावर देखभाल. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच प्लेट, व्हॉल्व्ह सेटिंग असं सगळं वर्षभराच्या बिलांतून जोडलं तर मला किलोमीटरला ४५ पैसे पडतात. टायर, ब्रेक, हूड दोन्ही गाड्यांना लागतातच, म्हणून ते दोन्हीकडून सोडले. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते, तो खर्च पसरवला तर पैसा-दोन पैसेच येतो.

मात्र एक गोष्ट सीएनजीवाले सोयीस्कर विसरतात. आठ वर्षांत, सव्वादोन लाख किलोमीटरमध्ये, एकदा तरी इंजिन खाली उतरतं. पिस्टन, रिंगा, हेडचं काम, मिस्त्रीची मजुरी असे पंचवीस हजार धरा. इलेक्ट्रिकवाल्याला "बॅटरी गेली की कळेल" म्हणणाऱ्याने आपल्या रकान्यात हे पंचवीस हजार लिहिलेच पाहिजेत. पसरवले तर ११ पैसे होतात. एकूण देखभाल ५८ पैसे.

विजेचा किलोमीटर: इथेच सगळे फसतात

भावाच्या गाडीत साधारण ९ युनिटची बॅटरी आहे. किलोवॉट-अवर म्हणजेच आपल्या लाइटबिलातला एक युनिट. शहरात पॅसेंजर घेऊन ती १२० किलोमीटर देते. कागदावरचा आकडा याच्या दीडपट आहे. तो रिकाम्या रस्त्यावरच्या ठरावीक चाचणीचा असतो, राजारामपुरीतल्या गतिरोधकांचा नव्हे. ९ युनिटमध्ये १२० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ०.०७५ युनिट. शोरूमवाला यालाच पहिल्या टप्प्याच्या सहा रुपयांनी गुणतो आणि ४५ पैसे सांगतो.

या आकड्यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक चार्जरचं. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही. चार्जर तापतो, बॅटरी तापते आणि साधारण पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. मीटर मात्र भिंतीकडची वीज मोजतो. त्यामुळे किलोमीटरला ०.०७५ नाही, ०.०९ युनिट लागतात. महिन्याच्या २,३४० किलोमीटरला २१० युनिट झाले.

दुसरं भोक सगळ्यात मोठं, ते म्हणजे टप्पा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने महाग होतं. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० जवळजवळ दुपटीने महाग, ३०० च्या पुढे आणखी महाग. वीज आकार आणि वहन आकार मिळून आमच्या हिशेबात पहिला टप्पा सुमारे ६ रुपये, दुसरा साडेबारा आणि तिसरा १७ रुपये धरलाय. आता विचार करा, स्वस्तातले १०० युनिट कोण वापरतं? फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर. रिक्षा लावायच्या आधीच ते संपलेले असतात. रिक्षाचे युनिट घराच्या युनिटांच्या डोक्यावर जाऊन बसतात, त्यामुळे त्यांना दर लागतो तो वरच्या टप्प्याचा.

भावाचं घर महिन्याला १२० युनिट खातं. त्यावर २१० चढले की एकूण ३३०. रिक्षाच्या वाट्याचे १८० युनिट साडेबाराने म्हणजे २,२५० रुपये आणि उरलेले ३० युनिट सतराने म्हणजे ५१० रुपये. एकूण २,७६०.

तिसरं भोक वीज शुल्काचं. घरगुती बिलावर १६ टक्के लागतात. म्हणजे झाले ३,२०० रुपये. भागिले २,३४०, किलोमीटरला १ रुपया ३७ पैसे.

शोरूमचे ४५ पैसे घरी येईपर्यंत १३७ झाले, आणि यात कुणी लबाडी केली असंही नाही. त्यांनी सोपा गुणाकार केला, आपण तो तपासला नाही. इंधन समायोजन आकार त्या महिन्यात लागला असेल तर तो आणखी वेगळा.

तुमचा आकडा काढायची रीत सोपी आहे. मागच्या वर्षाची बिलं काढा. कोल्हापुरात एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी यांच्या वापरात फरक असतो, म्हणून एकाच बिलावर जाऊ नका. महिन्याचे सरासरी युनिट लिहा, त्यावर रिक्षाचे युनिट ठेवा, आणि फक्त वरच्या ढिगाला ज्या-त्या टप्प्याचा दर लावा. एकत्र कुटुंब असेल आणि घरचाच वापर अडीचशे युनिट असेल, तर रिक्षाचे बहुतेक युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात आणि किलोमीटर १ रुपया ६५ पैशांच्या आसपास पडतो.

यावर इलाज आहे. वाहन चार्जिंगसाठी विजेची वेगळी वर्गवारी आहे आणि तिला घरासारखे टप्पे नाहीत. आपल्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारा, की माझ्या जागेत या वर्गवारीची वेगळी जोडणी मिळेल का, तिचा स्थिर आकार किती आणि दिवसातल्या कुठल्या तासांना दर कमी. स्थिर आकार, शुल्क सगळं धरून युनिट दहा रुपयांत बसलं तरी किलोमीटर ९० पैशांवर येतो. जोडणीचा सुरुवातीचा खर्च मात्र विचारून घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मालकाची संमती लागते आणि गाडी बहुतेक तिथेच अडकते.

बाहेरच्या चार्जरवर युनिटला कर धरून २० रुपये मोजले तर किलोमीटर १ रुपया ८० पैसे होतो. अडीअडचणीला ठीक, रोजच्या धंद्याला नाही.

बिल हातात आहे तोवर 'मंजूर भार'ही बघून घ्या. पेठेतल्या बऱ्याच जुन्या घरांना एकच किलोवॉट मंजूर असतो आणि चार्जर एकटा त्याहून जास्त ओढतो. भार वाढवून घ्या. चार्जरसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग करून घ्या. सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा प्लगची कड पिवळी पडत असेल तर जोड ढिला आहे. त्याच लाइनीवर एक छोटा सबमीटर बसवा. हजार रुपयांच्या आतबाहेर काम होतं आणि रिक्षा किती युनिट खाते हे अंदाजाने सांगायची गरजच उरत नाही. आमचा ०.०९ हा आकडा त्या सबमीटरवरूनच आलाय.

बॅटरी किती किलोमीटर देईल

बॅटरी किती वर्षं टिकते हा प्रश्न रिक्षावाल्याने विचारूच नये. किलोमीटर विचारावेत. बॅटरी झिजते ती मुख्यतः भरण्या-उतरण्याने, वयाने थोडी, आणि उष्णतेने बरीच.

आमची मोजणी अशी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी १,५०० पूर्ण फेऱ्या नीट देईल असं धरलं. एक पूर्ण फेरी म्हणजे शून्य ते शंभर. रोज अर्धीच भरत असाल तर दोन दिवसांची मिळून एक फेरी होते. नवी असताना फेरीला १२० किलोमीटर मिळतात, जुनी होता होता कमी, म्हणून आयुष्यभराची सरासरी १०४ धरली. गुणाकार साधारण १,५५,००० किलोमीटर. आमच्या धंद्यात ही साडेपाच वर्षं झाली.

पण बॅटरी कधी 'गेली' हे ज्याच्या-त्याच्या धंद्यावर ठरतं. क्षमता ७५ टक्क्यांवर आली की १२० चे ९० राहतात. रोज ९० चालवणाऱ्याची त्या दिवशी बॅटरी संपली, कारण संध्याकाळच्या भाड्याला तो घाबरत जाणार. रोज ६० चालवणारा तीच बॅटरी निवांत आणखी दोन वर्षं वापरेल. म्हणून गाडी घेताना बॅटरी रोजच्या गरजेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने मोठी घ्या.

चढाचाही विचार करा. जोतिबाचं भाडं मिळतं म्हणून घेता, पण शहरापासून डोंगर पावणेचारशे मीटर उंच आहे. गाडी आणि चार माणसं मिळून साडेसहाशे किलो तेवढं वर चढवायला नुसत्या चढाचा जवळजवळ एक युनिट जातो, रस्त्याचा वेगळा. सतराएक किलोमीटरमध्ये ९ युनिटमधले सव्वादोन गेले. उतरताना थोडी वीज परत येते, सगळी नाही. चैत्र यात्रेच्या दिवसांत दोन फेऱ्यांचा बेत असेल तर मधे चार्जिंग लागणार हे गृहीत धरा.

आता वॉरंटी. भावाच्या कागदावर '३ वर्षे किंवा ८०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' असं लिहिलंय. वर्षाला २८,००० चालवणाऱ्याचे ८०,००० दोन वर्षं दहा महिन्यांत होतात. पुढची मोठी वॉरंटी '५ वर्षे किंवा १,२०,०००' असेल तर ती सव्वाचार वर्षांत संपते. म्हणजे आपल्यासाठी वर्षांचा आकडा शोभेचा, किलोमीटरचा खरा. कागदात आणखी चार गोष्टी शोधा. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार? ती मोजणार कोण आणि कशी? गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाकडे जाते का? आणि पाण्यात बुडाली तर? शेवटचा प्रश्न इतर गावांत कुणी विचारत नसेल, पण २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाने विचारायचाच. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की इलेक्ट्रिक रिक्षा सगळ्यात आधी उंचावर न्या. पाण्यात बसलेली गाडी चालू करून बघायची नाही, चार्जरला तर लावायचीच नाही.

बॅटरीचा किलोमीटर

नव्या बॅटरीची किंमत तोंडी विचारू नका, जीएसटीसकट लेखी कोटेशन मागा. 'तोपर्यंत स्वस्त होईल' असं सगळे सांगतात. होईलही, पण वहीत आजची किंमत लिहा. आम्ही दीड लाख धरली. जुनी परत देऊन दहा हजार मिळतील असं धरून निव्वळ १,४०,०००.

इथे लोक दोन उलट चुका करतात. काही जण बॅटरी धरतच नाहीत. काही जण गाडीच्या किमतीतली पहिली बॅटरीही मोजतात आणि पुन्हा वेगळी किलोमीटरमागेही लावतात. पहिली बॅटरी गाडीच्या किमतीत आलेली आहे. आठ वर्षांत दुसरी एकदाच घ्यायची. म्हणून १,४०,००० भागिले २,२४,०००, म्हणजे किलोमीटरला ६३ पैसे.

आता हे ६३ पैसे आणि वरचा टप्प्याचा घोळ शेजारी ठेवा. शोरूमचे ४५ आणि खरे १३७ यांत ९२ पैशांचा फरक आहे. सगळं गाव ज्या बॅटरीला घाबरतं तिच्यापेक्षा जास्त पैसा लाइटबिलाच्या टप्प्यात चाललाय, आणि तो पहिल्या महिन्यापासून.

आता दोन्ही रकाने पूर्ण करू

गाडीची किंमत सोडून केलेला हिशेब अर्धा असतो. आमची कोटेशनं रस्त्यावर येईपर्यंत सीएनजी २,९०,००० आणि इलेक्ट्रिक ३,९०,००० अशी होती. अनुदान वजा करून लिहिलंय की नंतर मिळणार म्हणून तोंडी सांगितलंय, हे कोटेशनवर बोट ठेवून विचारा. नंतर मिळणारं वहीत शून्य धरा.

आठ वर्षांनी सीएनजी ६०,००० ला विकली जाईल असं धरलं. घेतानाच्या किमतीतून हे वजा केलं की उरते ती गाडीची घट. इलेक्ट्रिकला ९०,००० धरले, कारण तेव्हा तिच्यात अडीच वर्षांचीच बॅटरी असेल. कर्ज ४८ महिन्यांचं. सीएनजीला २,४०,००० वर १२ टक्क्यांनी हप्ता ६,३२० आणि एकूण व्याज ६३,०००. इलेक्ट्रिकला ३,२०,००० वर १४ टक्क्यांनी हप्ता ८,७४४ आणि व्याज जवळपास लाखभर. इलेक्ट्रिकला कर्ज देताना बरेच जण व्याज चढं लावतात, म्हणून हा फरक धरला. इलेक्ट्रिकची देखभाल ऑइल-क्लच नसल्याने २५ पैसे.

सीएनजी, किलोमीटरला:
गॅस ३.००
देखभाल आणि इंजिनचं काम ०.५८
गाडीची घट १.०३
व्याज ०.२८
एकूण ४ रुपये ८९ पैसे

इलेक्ट्रिक, घरच्या मीटरवर:
वीज १.३७
देखभाल ०.२५
गाडीची घट १.३४
व्याज ०.४५
दुसरी बॅटरी ०.६३
एकूण ४ रुपये ४ पैसे

फरक ८५ पैशांचा, महिन्याला दोन हजार रुपये. चांगला आहे, पण "महिन्याला दहा हजार वाचतात" म्हणणाऱ्यांच्या जवळपासही नाही. वेगळ्या मीटरवर तोच आकडा साडेतीन रुपयांच्या थोडा वर येतो आणि बचत तीन हजारांपुढे जाते. रोज बाहेर चार्ज केली तर साडेचारच्या जवळ जातो आणि बचत हजारावर.

सीएनजीच्या रकान्यात न दिसणारा एक खर्च आहे. आमच्या टाकीला जवळजवळ रोज भरावं लागतं. पंपापर्यंत मोकळी गाडी नेण्या-आणण्यात पाच किलोमीटर गेले तर रोजचे पंधरा रुपये गॅसचेच, वर रांगेतला वेळ. ज्याचा स्टँड पंपाला लागून आहे त्याने हे सोडून द्यावं.

हिशेब कुठे उलटतो

रोज ५० किलोमीटर चालवणाऱ्याने हाच हिशेब पुन्हा मांडला. गाडीची घट, व्याज आणि बॅटरी कमी किलोमीटरवर पसरतात, त्यामुळे ती किलोमीटरमागे फुगतात. सीएनजी ५.९३ आणि इलेक्ट्रिक ५.८८ असे आकडे आले. म्हणजे बरोबरी. आठ वर्षांत बॅटरी बदलावीच लागली नाही तर इलेक्ट्रिक रुपयाने पुढे जाईल, पण त्या भरवशावर लाखभर जास्त कर्ज काढायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी काढणार नाही.

दुसरी बाजू वाईट बॅटरीची. वॉरंटी संपल्यावर ९०,००० किलोमीटरला पहिली बसली आणि १,८०,००० किलोमीटरला दुसरी, तर आठ वर्षांत दोन बॅटऱ्या घ्याव्या लागतील. बॅटरीचा खर्च १ रुपया २५ पैसे आणि एकूण ४.६६. अजूनही सीएनजीच्या खाली, पण जेमतेम. त्यातच रोज बाहेरचं चार्जिंग असेल तर पाच रुपयांच्या वर जाऊन सीएनजी जिंकते. एक गोष्ट बिघडली तर इलेक्ट्रिक सोसते, दोन बिघडल्या तर नाही.

गॅसचा दर हलला तर काय? किलोमागे तीन रुपये बदलले की किलोमीटर दहा पैशांनी बदलतो. एवढं लक्षात ठेवलं की बातमी वाचून वही उघडायची गरज नाही.

बॅटरी खरंच उतरतेय हे कसं ओळखायचं

महिन्यातून एकदा, पूर्ण भरलेल्या गाडीने नेहमीचा धंदा करा आणि १०० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले ते लिहा. हळूहळू आकडा उतरणं ही वयाची खूण आहे, घाबरायचं नाही. पण काटा ३५ वरून एकदम १८ वर पडत असेल, किंवा चढावर गाडी अचानक मंद होऊन सपाटीवर पुन्हा बरी चालत असेल, तर एखादा सेल कमजोर झालाय. वॉरंटीत असाल तर तारीख, मीटर आणि स्क्रीनचा फोटो घेऊन लेखी तक्रार द्या. भावाने पहिल्यांदा तोंडीच सांगितलं, "बघू म्हणाले" यात दोन महिने गेले. लेखी दिल्यावर तपासणी झाली. वॉरंटी संपलेली असेल तर पूर्ण बॅटरी बदलायच्या आधी फक्त तो सेलचा संच बदलता येतो का हे विचारा. सगळ्या बॅटऱ्यांत येत नाही.

कधीकधी दोष बॅटरीचा नसून काट्याचा असतो. फॉस्फेटच्या बॅटरीचा विद्युतदाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती उरली हे यंत्रणेला नीट कळत नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण शंभरपर्यंत भरून चार्जर आपोआप बंद होईपर्यंत ठेवली की सेल एका पातळीला येतात आणि काटाही जागेवर येतो. रोज मात्र दुपारी तापलेली गाडी आणून लगेच चार्जरला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबू द्या.

पैसे बाजूला कसे ठेवायचे

६३ पैसे हा आठ वर्षांवर पसरलेला आकडा. बॅटरी मात्र साडेपाच वर्षांत, म्हणजे ६६ व्या महिन्यात येणार. पहिल्या महिन्यापासून साठवायचे तर महिन्याला २,१०० रुपये. हप्ता चालू असताना हे बऱ्याच जणांना जमत नाही. आमचाही अनुभव तोच.

मग भावाने वेगळी सोय केली. कर्ज ४८ व्या महिन्यात संपतं. पुढचे १८ महिने तोच ८,७४४ चा हप्ता स्वतःच्या आवर्ती ठेवीत भरत राहायचं. १८ हप्त्यांचे १,५७,००० होतात, बॅटरीला पुरतात. तोवर, बॅटरी लवकर गेली तर हाताशी काहीतरी असावं म्हणून, स्टँडवरच्या भिशीत महिन्याला हजार टाकतो आणि नंबर शेवटचा मागून घेतो. वेगळ्या मीटरचा अर्ज मागच्या महिन्यात दिलाय. जागा बघून गेले, आता कोटेशनची वाट बघतोय.